रिक्रूटरला पाठवायच्या तीन लिंका

रिक्रूटरचा मेसेज लिंक्डइनवर आला. प्रॉडक्ट डिझायनरची जागा, पुणे, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, अनुभव तीन ते सहा वर्षं. कंपनी दुकानदारांना उधारीची वही मोबाइलवर देणारी आणि त्या हिशेबाच्या जोरावर छोटी कर्जं देणारी. शेवटी नेहमीची मागणी: पोर्टफोलिओच्या लिंका, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटिस पीरियड, आणि हे सगळं एकाच मेलमध्ये.

‘लिंका’ हे अनेकवचन सोपं वाटतं, पण प्रत्येक डिझायनरकडे लिंकांचं भांडार असतं. माझ्याकडे बिहान्सवर कॉलेजपासूनची पोस्टरं होती, ड्रिबलवर सुटे स्क्रीन होते, स्वतःची एक साइट होती, फिग्मात अर्धा डझन फाइली होत्या आणि ड्राइव्हवर एक पीडीएफ. सगळं पाठवलं तर मेहनती दिसेन आणि निवडून पाठवलं तर कामाची माणूस दिसेन, एवढं कळत होतं. पण निवडायचं कुणाच्या नजरेनं, ते ठरत नव्हतं.

माझी मामेबहीण हिंजवडीत भरतीचं काम करते, तिला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, मला डिझाइनमधलं काय कळतं? लिंक उघडते का, आत काहीतरी नीट मांडलेलं दिसतं का, एवढं बघते आणि पुढे ढकलते.” मग तिनं तिच्या ट्रॅकरचा एक फोटो पाठवला, उमेदवारांची नावं झाकून. साधी एक्सेल शीट. नाव, फोन, एकूण अनुभव, सीटीसी, अपेक्षा, नोटिस, शहर, आणि शेवटी ‘पोर्टफोलिओ’ नावाचा एक खाना. एकच खाना. “पाच लिंका आल्या तर काय करतेस गं ताई?” “पहिली डकवते. वेळ असला तर मेल फॉरवर्ड करते, नाहीतर शीटच जाते.”

मला जे हवं होतं ते या एका वाक्यात मिळालं. माझा मेल वाचणारी व्यक्ती आणि माझं काम बघणारी व्यक्ती या दोन वेगळ्या आहेत. दुसरीपर्यंत मेल पोहोचेल किंवा नाही, शीटमधली एकुलती लिंक मात्र पोहोचेल. म्हणजे पहिली लिंक बाकी मेलशिवाय एकटी उभी राहायला हवी. आणि मेल पोहोचलाच, तर तो रिक्रूटरला एक अक्षरही वाढवायला न लावता तसाच पुढे पाठवता यावा.

म्हणून पहिली लिंक स्वतःच्या साइटची. बिहान्स मी काढूनच टाकलं. ते वाईट आहे म्हणून नाही, ग्राफिक्सवाल्यांना अजूनही तेच लागतं. पण तिथे माझ्या कामाखाली लगेच दुसऱ्यांची देखणी कामं सुचवलेली दिसतात आणि बघणारा दोन क्लिकमध्ये त्यांच्याकडे निघून जातो. ड्रिबलचे सुटे स्क्रीन तर अशा जागेसाठी निरुपयोगीच. कर्जाच्या अर्जातलं एक गोंडस बटण बघून कुणालाच कळत नाही की ते बटण तिथे का आहे.

साइटच्या मुखपृष्ठावर आधी नऊ कामं होती. चारच ठेवली, आणि प्रत्येकाच्या नावाखाली एक ओळ घातली: कुणासाठी, माझा वाटा काय, कधी. वाट्याची ओळ महत्त्वाची, कारण टीममध्ये केलेलं काम सगळेच आपापल्या पोर्टफोलिओत लावतात. एकाच कंपनीतून तिघांचे अर्ज एकाच डिझाइन लीडकडे गेले आणि तिघांनी तोच स्क्रीन ‘मी केला’ म्हणून दाखवला, असं घडतं. मी लिहिलं, “संशोधन आणि नोंदीचे स्क्रीन माझे, रंग आणि आयकॉन सहकाऱ्याचे.” असं लिहिल्यानं आपण लहान दिसत नाही. उलट लीडला काय विचारायचं ते कळतं.

पुढच्या दोन लिंका थेट आतल्या पानांच्या. मुखपृष्ठावरून शोधायला लावण्यापेक्षा या जागेला जवळची दोन कामं हातात द्यायची. पहिलं काम दूध संकलन केंद्राच्या अ‍ॅपचं, दुसरं एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या केवायसीचं. वरवर बघता दुधाचा आणि दुकानदाराच्या उधारीचा संबंध नाही. पण दोन्हीकडे माणूस घाईत, उभ्यानं, रोज तीच नोंद करतो आणि त्या नोंदीवर कुणाचे तरी पैसे ठरतात. हे नातं बघणाऱ्यानं आपणहून ओळखावं अशी अपेक्षा धरता येत नाही, म्हणून लिंकेच्या खालच्या ओळीत तेच लिहिलं.

दूध केंद्राचं पान लिहिताना एक गोष्ट फार छळत होती. सकाळी सहाला केंद्रावर रांग असते, सचिवाचे हात ओले असतात, आणि तो एकेकाचा कोड, लिटर, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, भरत जातो. जुन्या स्क्रीनवर फॅट आणि एसएनएफचे रकाने शेजारी-शेजारी, सारखेच दिसणारे. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून जाहीर होतो, म्हणजे आकड्यांचा चेहराही सारखाच. अदलाबदल झाली तर दहा दिवसांच्या बिलात शेतकऱ्याला ती कळणार. मी रकाने एकाखाली एक घेतले, गाय की म्हैस हे आधी विचारलं, आणि गायीच्या नोंदीत फॅट अवाजवी दिसला तर ‘फॅट आणि एसएनएफ उलटे पडलेत का?’ असं विचारणारी पट्टी घातली.

हे सगळं आधी मी चार परिच्छेदांत लिहिलं होतं. ते काढून दोन स्क्रीन शेजारी ठेवले, जुना आणि नवा, आणि मधे एक वाक्य. लीड फोनवर वाचणार असेल तर चार परिच्छेद म्हणजे चार वेळा खाली सरकवणं.

त्याच पानावर एक छोटा तपशील मुद्दाम ठेवला. ‘फॅट’ या शब्दावरचा चंद्र अँड्रॉइडच्या काही फोनवर कापला जायचा, कारण 16च्या अक्षराला ओळीची उंची 18च दिली होती. चंद्र गेला की उरतं ‘फट’. ओळीची उंची 24 केल्यावर तो प्रश्न मिटला. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या ओळी देवनागरीच्या मात्रा, रफार, अनुस्वार यांना पुरत नाहीत, हे मराठी-हिंदी वापरणाऱ्या दुकानदारांच्या अ‍ॅपला रोज भोवणारं दुखणं आहे. या जागेसाठी अर्ज करताना ते माझ्या बाजूचं होतं, म्हणून पानाच्या वरच्या भागात आणलं.

टक्केवारी मात्र लिहिली नाही. अशा पानांवर ‘चुका 40 टक्क्यांनी घटल्या’ अशी वाक्यं सर्रास दिसतात. आमच्या कंपनीनं तसं कधी मोजलंच नव्हतं. मी जे पाहिलं तेच लिहिलं: आधी सचिव अ‍ॅपसोबत कागदी वहीतही लिहायचा, नंतर त्यानं वही बंद केली. मुलाखतीत आकड्याबद्दल पहिला प्रश्न ‘कसं मोजलंत?’ हाच येतो. वहीबद्दल मी कितीही वेळ बोलू शकते.

आता लिंका उघडतात का, ते बघायचं होतं. ताईचं म्हणणं होतं की येणाऱ्या पोर्टफोलिओतले कितीतरी उघडतच नाहीत. ड्राइव्हची लिंक दाबली की `You need access` असं पान येतं, खाली परवानगी मागायचं बटण. “मी बटण दाबत बसत नाही. पुढचा उमेदवार उघडते.” ड्राइव्हवर चढवलेली फाइल मुळात खासगी असते. तिला `Anyone with the link` केल्याशिवाय ती परक्याला दिसत नाही. पाठवणाऱ्याच्या लॅपटॉपवर ती नेहमीच उघडते, कारण तो स्वतःच्या खात्यात शिरलेला असतो. म्हणून तपासणी आपल्या खात्यातून करून उपयोग नाही. मी फोनचं वायफाय बंद केलं, ब्राउझरची खासगी खिडकी उघडली, आणि मेलमध्ये जाणार होत्या त्याच तिन्ही लिंका एकेक दाबल्या. मुखपृष्ठावरचं एक चित्र मोबाइल डेटावर इतका वेळ घेत होतं की पान पांढरं राहायचं. ते चित्र लॅपटॉपच्या मोठ्या पडद्याच्या मापानं चढवलं होतं. लहान करून पुन्हा चढवलं.

फिग्माचा मामला जरा वेगळा. फाइलची लिंक दिली की समोरच्याला अख्खा कॅनव्हास दिसतो: तीन वर्षांचा पसारा, टाकून दिलेले प्रयत्न, ‘फ्रेम 427’ असल्या नावांचे लेअर. शिवाय नुसती बघायची परवानगी असली तरी, मालकानं ते बंद केलेलं नसेल तर, समोरच्याला फाइलची प्रत आपल्याकडे काढून घेता येते. म्हणून फाइलची लिंक मी कुणालाच देत नाही, प्रोटोटाइपची देते. तोही मूळ फाइलचा नाही. दाखवण्यापुरती वेगळी फाइल करून त्यात फक्त तेवढे स्क्रीन नेले. कारण प्रोटोटाइपची लिंक म्हणजे जिवंत फाइलच असते. आज पाठवली आणि परवा मी त्यात काही खोडलं, तर लीडला खोडलेलंच दिसणार.

त्या लिंकेत दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, प्रवाह कुठून सुरू होतो, नाहीतर बघणारा मधल्याच एखाद्या स्क्रीनवर जाऊन पडतो. दुसरी, फिग्माच्या स्वतःच्या पट्ट्या लपल्यात का, कारण फोनवर त्या बरीच जागा खातात. पत्ता साधारण असा दिसतो:

```
https://www.figma.com/proto/<file-key>/<name>?starting-point-node-id=12%3A340&hide-ui=1
```

हा पत्ता लांबलचक आणि ओबडधोबड. मेलमध्ये तो घातला असता तर तीच लिंक सगळ्यात मोठी दिसली असती आणि कदाचित तीच शीटमध्ये गेली असती. म्हणून प्रोटोटाइप मेलमध्ये घेतलाच नाही. दूध केंद्राच्या पानावर एक बटण केलं आणि त्यावर लिहिलं, ‘नोंद करून बघा, कोड 112’. कोड दिला नाही तर बघणारा पहिल्याच रकान्यापाशी थबकतो, कारण प्रोटोटाइपमध्ये तेवढा एकच मार्ग जोडलेला असतो.

केवायसीचं काम दाखवणं सगळ्यात कटकटीचं. करारात गोपनीयतेचं कलम होतं. जुन्या मॅनेजरना मेल केला आणि काय दाखवू इच्छिते ते चित्रांसकट पाठवलं. त्यांनी हो म्हटलं, पण अटींवर: कंपनीचं नाव नको, व्याजाचे दर आणि रकमा खऱ्या नकोत, अजून बाजारात न आलेले स्क्रीन नकोत, आणि पान कुलपात. अशी परवानगी लेखी असलेली बरी. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं.

स्क्रीन पुन्हा बारकाईनं पाहिले तेव्हा एका जुन्या स्क्रीनशॉटमध्ये चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याचं खरं पॅन कार्ड होतं. त्यावर धूसर पट्टी मारून भागलं नसतं. धूसर केलेली अक्षरं कधीकधी ओळखता येतात, आणि फाइलमध्ये खालचा थर तसाच राहतो. तिथे नकली नावाचं, नकली नंबरचं कार्ड नव्यानं काढून बसवलं. कर्ज देणाऱ्या कंपनीला दाखवायच्या पोर्टफोलिओत कुणाचं तरी पॅन उघडं दिसलं असतं, तर पुढचं काही बघायची त्यांना गरजच उरली नसती.

कुलूप म्हटलं की पासवर्ड आला, आणि तिथे पुन्हा तो एकच खाना आडवा आला. शीटमध्ये लिंक जाईल, पासवर्ड मेलमध्येच राहील. म्हणून दोन सोयी केल्या. कुलूप अख्ख्या पानाला न लावता खालच्या भागाला लावलं. वर प्रश्न काय होता, माझा वाटा काय आणि काय बदललं हे उघडं. स्क्रीन तेवढे कुलपाआड. आणि कुलपाच्या रकान्याखाली लिहिलं, ‘पासवर्ड मिळाला नसेल तर मला मेल करा’, खाली पत्ता. पासवर्ड फोनवर एका हातानं टाइप होईल असा, लहान अक्षरांचा, ज्यात शून्य आणि ओ यांचा घोळ नाही.

मेल इंग्रजीत होता. त्याचं मराठी रूप असं, पत्ते तेवढे बदललेत:

> नमस्कार,
> प्रॉडक्ट डिझायनरच्या जागेबद्दलचा मेसेज मिळाला. मी पाच वर्षं मोबाइल अ‍ॅपचं डिझाइन करते, त्यातली तीन हिशेब आणि कर्जाच्या अ‍ॅपवर.
>
> पोर्टफोलिओ:
> example.in
>
> या जागेसाठी आधी ही दोन पाहावीत:
>
> example.in/dudh
> दूध संकलन केंद्रातली रोजची नोंद. घाईत, मराठीत, कमी दर्जाच्या फोनवर भरायचा हिशेब. तुमच्या दुकानदारांच्या नोंदीशी जवळचा. वाचायला साधारण चार मिनिटं.
>
> example.in/kyc
> कर्जाच्या अर्जातली कागदपत्रं. गोपनीयतेमुळे स्क्रीन कुलपात आहेत, पासवर्ड: paaus
>
> नोटिस 60 दिवस. उरलेल्या सुट्या धरून 45 दिवसांत मोकळी होऊ शकते. राहते पुण्यात. सध्याचा आणि अपेक्षित सीटीसी खाली दिला आहे.

सीटीसीबद्दल मैत्रिणींमध्ये दोन तट आहेत. काहीजणी म्हणतात, पहिल्या मेलमध्ये आकडा कधीच सांगू नये. मी सांगितला, कारण ताईच्या शीटमधला तो खाना रिकामा राहिला तर ओळ ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला पडते. अपेक्षेचा एक आकडा मात्र दिला नाही, पट्टा दिला, आणि पट्ट्याचा खालचा आकडा मला खरोखर चालेल असाच ठेवला. समोरची बाजू तिथूनच बोलायला सुरुवात करते.

प्रत्येक लिंक वेगळ्या ओळीवर, आणि तिच्या शेवटी पूर्णविराम नाही, कंस नाही. काही मेल अ‍ॅप लिंकेला चिकटलेलं चिन्ह पत्त्यातच धरतात आणि मग पान सापडत नाही. ‘इथे क्लिक करा’ अशा शब्दांमागेही लिंक लपवली नाही. शीटमध्ये डकवायचं तर पत्ता डोळ्यांना दिसायला हवा. मजकूर कॉपी केला तर लपलेला पत्ता बऱ्याचदा मागेच राहतो.

मेल गेल्यावर रिक्रूटरनं तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही मागितलं. आपल्याकडे हे चालतंच. तिथे लिंकेखाली आपोआप एक छोटा चौकोन येतो, पानाचं नाव आणि एक चित्र असलेला. पाठवणाऱ्याला तो पाठवण्याआधीच दिसतो. माझ्या चौकोनात साइट बनवणाऱ्या सेवेचं बोधचिन्ह आणि ‘होम’ एवढंच येत होतं. साइटच्या सेटिंगमध्ये `og:title` आणि `og:image` भरून तिथे माझं नाव आणि दूध केंद्राचा नवा स्क्रीन आणला. मग मेसेज गेला.

पुढच्या आठवड्यात एका अनोळखी पत्त्यावरून दोन ओळींचा मेल आला. केवायसीचं पान वाचलं, पासवर्ड पाठवाल का? खाली सही त्या कंपनीच्या डिझाइन लीडची. म्हणजे शीटच गेली होती, आणि तरीही त्या आतल्या पानापर्यंत पोहोचल्या होत्या. पासवर्ड पाठवताना मेलमधल्या तिन्ही लिंका त्यांच्या ओळींसकट पुन्हा चिकटवल्या.

कॉलवर त्यांनी केवायसीबद्दल जेमतेम एक प्रश्न विचारला. बाकीचा वेळ दुधावर. “सचिव नावानं का शोधत नाही? कोड लक्षात कसा राहतो?” मी सांगितलं की गावात एकाच आडनावाची अर्धी रांग असते, नाव टाइप करायला ओल्या बोटांनी वेळ लागतो, आणि शेतकरी कॅन टेकवतानाच स्वतःचा कोड मोठ्यानं सांगतो. त्यावर त्यांनी त्यांच्या दुकानदारांचं सांगितलं: तिथे गिऱ्हाईक कोड सांगत नाही, दुकानदार ‘कोपऱ्यावरच्या काकू’ अशी नोंद करतो, आणि अशा पाच काकू यादीत असतात. पुढचं बोलणं त्या काकूंवरच झालं, आणि घरी करायच्या असाइनमेंटचा विषयही तोच निघाला: एकसारख्या नावांची गिऱ्हाइकं दुकानदाराला कशी ओळखू यावीत.